जुनी बाइक सकाळी चालू होत नाही? कार्ब्युरेटर आणि एफआयच्या बाबतीत या चुका टाळा

सेकंडहँड गाडी घेताना आधी एवढं नक्की करा, की ती कार्ब्युरेटरची आहे की फ्युएल इंजेक्शनची. एकाच नावाची गाडी दोन्ही प्रकारांत मिळते. यामाहा एफझी 2008 मध्ये कार्ब्युरेटरसह आली आणि 2014 पासून एफआय झाली. तक्रार सारखी दिसली तरी दोन्हींचा इलाज वेगळा असतो.

कार्ब्युरेटरची गाडी चोक ओढला की चालू होते आणि इंजिन गरम झाल्यावरही चोक सोडताच बंद पडते. इथे बहुतेक जण आयडलिंगचा स्क्रू पिळून रेस वाढवतात. मूळ दोष तसाच राहतो आणि पेट्रोल मात्र जास्त जातं. गाडी महिनाभर उभी राहिली की आतलं पेट्रोल सुकून चिकट थर बसतो आणि आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचं केसाएवढं भोक बुजतं. जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करायचा. तारेने खरवडू नका, कारण भोक मोठं झालं तर जेटच बदलावा लागतो. मग इंजिन नीट गरम करून पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू थोडा-थोडा फिरवा. आयडलिंग जिथे सगळ्यात वर आणि स्थिर राहतं तिथे थांबा, आणि त्यानंतरच रेस कमी करा. हे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये काही शे रुपयांत होतं.

एफआयच्या गाडीत साधारणपणे हाताने मिक्श्चर ट्यून करायचं काही नसतं. 'ट्यूनिंग करून देतो' म्हणणाऱ्याला आधी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड दाखवायला सांगा. त्याआधी घरीच चावी फिरवा, किल स्विच 'रन'वर ठेवा आणि टाकीजवळ कान द्या. फ्युएल पंपाचा दोन-तीन सेकंद बारीक आवाज यायला हवा. तो येण्याआधीच सेल्फ मारू नका. आवाज मंद असेल तर पंप बदलण्याआधी बॅटरी मोजा. उभ्या गाडीत 12.4 व्होल्टच्या खाली असेल तर ती आधी चार्ज करा. बॅटरी पूर्ण मेली असेल तर ढकलूनही गाडी चालू होत नाही, कारण पंप आणि ईसीयू म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला वीज लागते. पंपाचा खर्च हजारांत जातो, आणि सतत रिझर्व्हवर चालवल्याने तो लवकर खराब होऊ शकतो, कारण टाकीतलं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं.

अॅव्हरेज पेट्रोलच्या काट्यावरून काढू नका. टाकी काठोकाठ भरा, गाडी चालवा, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरा. 310 किलोमीटरला 7.2 लिटर लागलं, तर अॅव्हरेज 43. तेवढ्यावर कार्ब्युरेटर किंवा सेन्सरला दोष देण्याआधी एअर फिल्टर, टायरची हवा आणि मागचा ब्रेक बघा. गाडी डबल स्टँडवर घ्या आणि मागचं चाक न्यूट्रलमध्ये हाताने फिरवा. घासून लगेच थांबत असेल तर पेट्रोल तिथेच जातंय.

गाडी थंड असताना चालू होते का हे कळावं म्हणून विकणाऱ्याला ती आधी चालू न करण्याची विनंती करा आणि इंजिनला हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.