बोललेली मुलाखत लिहिताना: काय काढायचं आणि कशाला हात लावायचा नाही

मुलाखत रेकॉर्ड झाली आहे, कोणीतरी शब्दन् शब्द उतरवून दिला आहे आणि आता तो मजकूर वाचण्याजोगा करायचा आहे, असं धरून चालतो. मूळ उतरवलेल्या फाइलला हात लावू नका. तिची प्रत काढा आणि प्रतीवर काम करा.

आधी कानाला हेडफोन लावून सगळा मजकूर एकदा ध्वनिफितीशी ताडून घ्या. विशेषतः धंद्यातले शब्द. गिरणी कामगाराच्या मुलाखतीत 'त्रासनखात्यात', म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात, असेल आणि उतरवणाऱ्याला ते खातं माहीत नसेल, तर कागदावर 'त्रासात' येतं. वाक्य तरीही बरोबर वाटतं, म्हणून ही चूक नुसतं वाचून सापडत नाही.

'आं', 'ऊं', अडखळून दोनदा आलेले शब्द काढून टाका. यात विचार करण्यासारखं काही नाही.

खरी अडचण इथून पुढे आहे, आणि इथेच बहुतेक सल्ले कुचकामी ठरतात. 'भरीचे शब्द काढा, वाक्यं पूर्ण करा' असं सांगून मोकळे होतात. मराठीत भरीचा वाटणारा शब्द बऱ्याचदा वाक्याचा अर्थ उचलून धरत असतो. एक नमुना घेऊ. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मुलाखतीत येतो तसा मजकूर मी रचला आहे. त्यात साचेखातं म्हणजे मागांचं खातं, बदली म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी लागणारा आणि जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम:

"तर मग आं... ब्याऐंशीला, म्हणजे जानेवारीत ना, संप झाला तो. तेव्हा मी बदलीच होतो. म्हणजे कायम नव्हतो झालो. साचेखात्यात. तर आमचा जॉबर म्हणे... जॉबर म्हणाला की दोन महिन्यात मिटतंय. म्हणजे त्याला पण कोणी सांगितलं असंल. तर मग आम्ही आपलं गावाला गेलो, ज्वारी काढायला. मुंबईत बसून खायचं काय? गेलो ते गेलोच मग. परत आलो ते, काय बरं, मोठा... मोठा पोरगा दुसरीत होता तेव्हा. गिरणी उघडली होती म्हणे तोवर. पण आमाला कुठं घेतायत."

आता 'स्वच्छ' केलेलं रूप पाहा, असं रोज छापून येतं:

"१९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, तेव्हा मी साचेखात्यात बदली कामगार म्हणून कार्यरत होतो. संप दोन महिन्यांत मिटेल असे आम्हाला सांगण्यात आले. उदरनिर्वाहाचे साधन नसल्याने आम्ही गावी परतलो. कालांतराने गिरणी सुरू झाली, परंतु आम्हाला कामावर घेण्यात आले नाही."

व्याकरणाला नाव ठेवायला जागा नाही, पण माणूस गायब आहे. जॉबर गेला आणि त्याच्या जागी 'सांगण्यात आले' आलं. आता कोणी सांगितलं, युनियनने की मालकाने, ते वाचणाऱ्याने ठरवायचं. 'घेण्यात आले', 'करण्यात आले' ही सरकारी परिपत्रकाची भाषा आहे. बोलणाऱ्याच्या तोंडी ती कधीही घालू नका.

त्याहून महत्त्वाचा 'म्हणे'. मूळ मजकुरात तो दोनदा आहे आणि दोन्ही वेळा वेगळा. पहिला नुसता अडखळलेला 'म्हणाला' आहे, बोलणाऱ्याने लगेच स्वतःच सुधारलाय. तो काढा. दुसरा ऐकीव बातमीचा आहे. गिरणी उघडलेली या माणसाने पाहिली नाही, त्याच्या कानावर आलं. तो 'म्हणे' उडवला की ऐकीव गोष्ट साक्ष होऊन बसते. शोधा-बदला वापरून एका फटक्यात 'म्हणे' काढणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी.

'म्हणजे'चंही तसंच. जानेवारीच्या आधीचा शब्द शोधताना आलेला आहे, तो जाईल. 'कायम नव्हतो झालो' याच्या आधीचा खुलासा करतो, पण स्वल्पविरामात भागतं. 'बदलीच'मधला 'च' मात्र सोडू नका, इतकी वर्षं काढून अजून बदलीवरच, हे त्या एका अक्षरात आहे. 'आम्ही आपलं गावाला गेलो' मधलं 'आपलं' घालवलं तर नाइलाज निघून जातो आणि नुसता प्रवास उरतो.

मग शब्दक्रम. बोलताना आपण क्रियापदानंतर शेपूट लावतो. सगळी शेपटं ओढून क्रियापदाच्या आधी नेली की शाळेतला निबंध होतो, आणि सगळी ठेवली तर वाचणारा दमतो. माझी कसोटी साधी आहे. शेपटात नवी माहिती असेल तर ते जागेवर राहू द्या, आधीचंच पुन्हा आलं असेल तर आत घ्या किंवा काढा. 'संप झाला तो' मधला 'तो' जाईल. 'गावाला गेलो, ज्वारी काढायला' तसंच राहील, कारण कशासाठी गेलो हे तिथे पहिल्यांदा कळतं.

हे सगळं धरून:

"ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला तेव्हा मी साचेखात्यात बदलीच होतो, कायम झालो नव्हतो. आमचा जॉबर म्हणाला, दोन महिन्यांत मिटतंय. त्यालाही कोणी सांगितलं असेल. मग आम्ही आपलं गावाला गेलो, ज्वारी काढायला. मुंबईत बसून खायचं काय? गेलो ते गेलोच. परत आलो तेव्हा मोठा पोरगा दुसरीत होता. गिरणी उघडली होती म्हणे तोवर. पण आम्हाला कुठं घेतायत!"

'पोरगा दुसरीत होता' याचं साल काढत बसू नका. माणसं काळ असाच मोजतात, आणि तुमचा हिशेब त्यांच्या तोंडी घालायचा तुम्हाला हक्क नाही. बोलणारा उघड चुकला असेल, समजा संप त्र्याऐंशीत सुरू झाला म्हणाला, तर त्याला विचारा. विचारणं शक्य नसेल तर त्याचं वाक्य तसंच ठेवून चौकटी कंसात १८ जानेवारी १९८२ ही तारीख द्या. गुपचूप दुरुस्ती करायची नाही.

मी 'आमाला'चं 'आम्हाला' आणि 'असंल'चं 'असेल' केलं, यावर लोक भांडतात. माझं मत पक्कं आहे. प्राध्यापकही बोलताना 'मंजे' आणि 'बगा' म्हणतात, पण त्यांच्या मुलाखतीत आपण मुकाट्याने 'म्हणजे', 'बघा' लिहितो. मग कामगाराचेच उच्चार अक्षरात का पकडायचे? त्याने आब येत नाही, टिंगल होते. म्हणून उच्चार प्रमाण लेखनात घ्या, पण शब्द आणि वाक्यरचना त्याची ठेवा: 'पोरगा', 'मिटतंय', 'कुठं घेतायत'. 'पोरगा'चा 'मुलगा' करू नका. अभ्यास बोलीचाच असेल तर गोष्ट निराळी, तिथे ध्वनिफितीबरहुकूम लिहायचं. आणि मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर 'केलं', 'गेलं'चं 'केले', 'गेले' होऊन येईल.

प्रश्न काढून सलग निवेदन करणार असाल तर एका जागी जपा. तुम्ही विचारलंत, "तेव्हा फसवल्यासारखं वाटलं का?" आणि उत्तर आलं, "हां, वाटलं की." याचं "मला फसवल्यासारखं वाटलं" करू नका. 'फसवणं' हा शब्द तुमचा आहे. असा प्रश्न मजकुरात ठेवा, नाहीतर उत्तर गाळा.

हसण्याची नोंद उपरोध असेल तिथेच ठेवा. परिच्छेद विषय बदलेल तिथे पाडा.

शेवटी मजकूर मुलाखत देणाऱ्यांना वाचून दाखवा. नुसता पाठवून उपयोग नाही, पुष्कळ जण न वाचता 'बरंय' म्हणतात. ऐकताना ते थांबवतील, एखादं वाक्य मागे घेतील, ते काढा. काही नवं सांगितलं तर ते घेता येतं, पण ते नंतरचं आहे हे तारखेसह मूळ फाइलच्या शेजारी नोंदवून ठेवा.