शाळा सुरू होताना मुख्याध्यापकांनी मुलांसाठी स्वागताचा छोटा संदेश कसा लिहावा

नवं शैक्षणिक वर्ष सुरू व्हायच्या आधी बहुतेक शाळांतून मुलांना एक संदेश जातो. तो मुख्याध्यापकांच्या नावानं जातो, पण बरेचदा कार्यालयातला जुना कागद काढून, वर्ष बदलून पाठवलेला असतो. मुलं त्याची पहिली ओळ वाचतात आणि सोडून देतात. असा एक नेहमीचा मसुदा आधी समोर ठेवू, म्हणजे काय बदलायचं ते नेमकं बोलता येईल.

«सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, नवीन शैक्षणिक वर्षास प्रारंभ होत असून त्यानिमित्त आपणा सर्वांचे हार्दिक स्वागत. सुट्टीचा मनसोक्त आनंद लुटून आपण ताजेतवाने होऊन परतत आहात. शिक्षण हा यशाचा पाया आहे. गतवर्षी आपल्या शाळेने उज्ज्वल निकालाची परंपरा कायम राखली. यंदाही शिस्त, परिश्रम व सातत्य यांच्या जोरावर आपण नवनवीन शिखरे पादाक्रांत कराल अशी खात्री आहे. गणवेश, शुल्क व वाहतूक यांसंबंधीच्या सूचना पालकांनी कार्यालयातून प्राप्त कराव्यात.»

यात खोटं किंवा वाईट काही नाही. पण शाळेत परत येणाऱ्या मुलाच्या मनात जे घोळत असतं, त्यातल्या एकाही गोष्टीला हा मजकूर हात लावत नाही. कोणत्या वर्गात बसायचं, पहिल्या दिवशी काय होणार, सुट्टीतला अभ्यास राहिलाय तर ओरडा बसेल का, मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली तर डबा कोणाबरोबर खायचा, हे मुलाचे प्रश्न असतात. त्यातल्या दोन-तीन प्रश्नांची खरी उत्तरं मिळाली की मुलाला धीर येतो. त्यासाठी मोठे शब्द लागत नाहीत.

पहिली पायरी: वाचणारा ठरवा

हा संदेश मुलांना लिहायचा की पालकांना, हे आधी नक्की करा. दोघांना एकाच कागदावर बसवलं की भाषा आपोआप पालकांकडे झुकते आणि मूल बाजूला पडतं. गणवेश, शुल्क, गाडीच्या वेळा यांची सूचना वेगळी काढा आणि ती पालकांनाच पाठवा. मुलांच्या संदेशात तिचा उल्लेखही नको. एवढ्यानंच वरच्या मसुद्याचं शेवटचं वाक्य गेलं.

दुसरी पायरी: लिहायला बसण्याआधी शाळेत फिरा

माझ्या मते खरं काम इथे होतं, लिहिणं त्यानंतरचं. एक फेरी मारा. ग्रंथपाल, शिपाई, प्रयोगशाळेतले सहायक, वर्गशिक्षक, सगळ्यांना एकच प्रश्न विचारा: पहिल्या दिवशी आत पाऊल टाकल्यावर मुलांच्या लक्षात येईल असं काय बदललं आहे? पाच-सहा उत्तरं मिळतील. त्यातलं एकच निवडा.

निवडताना दोन गोष्टी बघा. तो बदल मुलाला डोळ्यांनी दिसला पाहिजे किंवा त्याच्या वापरात आला पाहिजे. आणि तो पूर्ण झालेला असला पाहिजे. कार्यालयात नवीन संगणक आला, याचं मुलाला काही नाही. पिण्याच्या पाण्याचे गळके नळ बदलले, तर आहे. दोन महिन्यांनी तयार होणाऱ्या क्रीडांगणाबद्दल आत्ता लिहू नका. काम लांबलं तर मुलं तुमचं वाक्य लक्षात ठेवून विचारतात, आणि पुढच्या संदेशावरचा त्यांचा विश्वास तेवढा कमी होतो.

आपल्या उदाहरणापुरतं असं धरू की वाचनालय तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आलं आहे. «अद्ययावत वाचनालयाची सुविधा उपलब्ध करून देण्यात आली आहे» असं लिहिलं तर मुलाच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. मधल्या सुट्टीत जिने चढण्यात वेळ जाणार नाही, हे सांगितलं तर बदल कशासाठी केला तेही त्याला कळतं.

तिसरी पायरी: पहिला दिवस उलगडून सांगा

वार, वेळ, कुठे जमायचं, पहिल्या एक-दोन तासांत काय होणार आणि दप्तरात काय आणायचं, एवढं पुरे. संपूर्ण वेळापत्रक इथे देऊ नका, ते वर्गात मिळेल. सुट्टीतला अभ्यास पहिल्या दिवशी तपासणार नसाल, तर ते स्पष्ट लिहा. ज्याचा अभ्यास राहिला आहे त्या मुलाला या एका वाक्यानं पहिल्या दिवशी शाळेत यायचा धीर होतो. मात्र लिहिण्याआधी सगळ्या शिक्षकांशी बोलून घ्या. मुख्याध्यापकांनी एक सांगितलं आणि वर्गात पहिल्याच तासाला वह्या मागितल्या गेल्या, तर संदेश न पाठवलेला बरा.

चौथी पायरी: ज्याला शाळेत यावंसं वाटत नाही, त्याला डोळ्यांसमोर ठेवून एक परिच्छेद लिहा

उत्साहात येणाऱ्या मुलांचं स्वागत सहज होतं. संदेशाचा कस लागतो तो बाकीच्यांच्या बाबतीत. कोणी त्याच वर्गात पुन्हा बसणार असतं, कोणाची शाळाच नवीन असते, कोणाच्या घरी सुट्टीत आजारपण किंवा मृत्यू झालेला असतो. «सुट्टीचा मनसोक्त आनंद लुटून» हे शब्द या मुलांना लागतात, म्हणून सुट्टी कशी गेली असेल याचा अंदाज बांधू नका. निकालाची परंपराही इथे नको. गुणवंतांचं कौतुक जरूर करा, पण ते वेगळ्या दिवशी. ज्याला कमी गुण मिळाले आहेत त्याला स्वागताच्या पहिल्याच ओळीत दुसऱ्याचे गुण दाखवले, तर तो संदेश आपल्यासाठी नाही असं तो समजतो.

«घाबरू नका» हेही लिहू नका. त्यातून घाबरण्यासारखं काहीतरी आहे एवढंच पोचतं. त्याऐवजी काय वाटू शकतं ते साध्या शब्दांत सांगा आणि तसं वाटलं तर कोणाकडे जायचं, कधी जायचं, हे सांगा. «आम्ही सदैव तुमच्या पाठीशी आहोत» यापेक्षा «मधल्या सुट्टीत माझ्या खोलीचं दार उघडं असतं» हे मुलाच्या उपयोगाचं आहे.

शाळेतलंच कोणी, विद्यार्थी किंवा शिक्षक, सुट्टीत गेलं असेल तर ती बातमी स्वागताच्या संदेशात मिसळू नका. ती आधी, वेगळी, त्या कुटुंबाशी बोलून सांगायची असते. स्वागत त्यानंतर, आणि जरा हलक्या आवाजात.

पाचवी पायरी: बोलता तसं लिहा, मग छाटा

«करण्यात येते», «प्राप्त कराव्यात» ही परिपत्रकाची वाक्यं काढा आणि कोणी काय केलं ते लिहा: आम्ही आणलं, तुम्ही या, मी उभी असेन. मुलांना «तुम्ही» म्हणा. «आपण» परकं वाटतं आणि ते नेमकं कोणाला उद्देशून आहे हे लहान मुलांना चटकन कळत नाही. सगळं मिळून शंभरएक शब्द पुरतात. मोठ्यानं वाचायला साधारण मिनिट लागेल एवढंच. जास्त झालं तर आधी सुविचार कापा, मग विशेषणं. माहितीला हात लावायची वेळ सहसा येत नाही.

हे सगळं केल्यावर वरचा मसुदा असा होतो:

«मुलांनो आणि मुलींनो,

सोमवारी सकाळी ८ वाजता शाळा सुरू होतेय आणि आम्ही सगळे तुमची वाट बघतोय.

सुट्टीत आम्ही वाचनालय तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणलं. आता मधल्या सुट्टीत जिने चढण्यात वेळ जाणार नाही; घंटा होईपर्यंत तिथे बसून वाचता येईल.

सोमवारी अभ्यास तपासला जाणार नाही. पहिले दोन तास वर्गशिक्षक तुमच्याबरोबर असतील. दप्तरात एक वही, पेन आणि पाण्याची बाटली एवढंच आणा. तुमचा वर्ग कोणता, ते फाटकाजवळच्या फलकावर लिहिलेलं असेल.

काही जणांची तुकडी बदलली आहे, काही जण या शाळेत पहिल्यांदाच येत आहेत. सुरुवातीचे काही दिवस एकटं वाटू शकतं. तसं वाटलं तर वर्गशिक्षकांना सांगा, किंवा मला. मधल्या सुट्टीत माझ्या खोलीचं दार उघडं असतं.

सोमवारी मी फाटकापाशी उभी असेन. भेटूया.

तुमच्या मुख्याध्यापिका»

यात एकही प्रेरणादायी वाक्य नाही, तरी वाचून शाळेत जावंसं वाटतं. हा संदेश तुमच्या शाळेसाठी जसाच्या तसा उचलू नका. वाचनालयाच्या जागी तुमच्याकडचा बदल यायला हवा, आणि मधल्या सुट्टीत तुम्ही बैठकांत असता तर दाराचं वाक्य काढून जी वेळ खरंच देऊ शकता ती लिहा.

सहावी पायरी: एका मुलाकडून वाचून घ्या

पाठवण्याआधी दहा-अकरा वर्षांच्या एखाद्या मुलाला संदेश मोठ्यानं वाचायला द्या. सहकाऱ्याचं मूल, शेजारचं, कोणीही चालेल. जिथे तो अडखळतो तिथे वाक्य लांब आहे किंवा शब्द जड आहे. तिथे खूण करा. मग कागद बाजूला ठेवून विचारा: किती वाजता यायचं? काय आणायचं? अडचण आली तर कोणाकडे जायचं? तिन्ही उत्तरं पटकन आली तर काम झालं. एखादं आलं नाही तर ती माहिती वाक्यात कुठेतरी दडली आहे, तिला स्वतंत्र वाक्य द्या. वाचता न येणाऱ्या लहान वर्गांसाठी याच मजकुराचं ध्वनिमुद्रण तुमच्या स्वतःच्या आवाजात करा. लहान मुलं आवाज ओळखतात आणि शाळेत तो पुन्हा ऐकू आला की बिचकत नाहीत.

पाठवताना

शाळा सुरू होण्याआधी दोन-तीन दिवस ही वेळ चांगली. आठवडाभर आधी पाठवलं तर विसरलं जातं, आदल्या रात्री पाठवलं तर दप्तर भरून झालेलं असतं. फोनवर संदेशाच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, म्हणून वार आणि वेळ तिथेच हवी. सोबत छायाचित्र द्यायचं तर नव्या वाचनालयाचं द्या. मुलांचे चेहरे दिसणारं जुनं छायाचित्र पालकांच्या परवानगीशिवाय वापरू नका. त्यात शाळा सोडून गेलेली मुलंही असतात.

तारीख पुढे गेली तर जुन्याच संदेशात गुपचूप दुरुस्ती करू नका, कारण ज्यांनी तो आधी वाचला ते पुन्हा उघडणार नाहीत. नवा, दोन ओळींचा संदेश पाठवा, पहिल्याच ओळीत बदललेला वार लिहा आणि जुना काढून टाका. छापील प्रत फलकावर लावली असेल तर तीही त्याच दिवशी उतरवा.