पगार की फ्रीलान्स: खड्डा किती खोल, ते मोजून घ्या

नोकरी सोडून फ्रीलान्स प्लॅटफॉर्मवर जावं का, हा प्रश्न ग्राफिक डिझायनर बहुतेकदा चुकीच्या आकड्यावरून सोडवतात. "महिन्याला सरासरी किती सुटतील?" असं विचारलं जातं. पण हप्ता सरासरीतून भरता येत नाही, तो त्या महिन्यात खात्यावर असलेल्या पैशांतून जातो. म्हणून सरासरी काढून झाल्यावर दुसरा हिशेब करावा लागतो: वाईट महिने लागोपाठ आले तर खड्डा किती खोल पडेल?

आधी सरासरीचं बघू. हातात येणारा पगार महिन्याला १०० धरा, चलन कोणतंही असो. पगाराच्या आड कंपनी आणखीही खर्च करते: सॉफ्टवेअरची वर्गणी, लॅपटॉप, विमा, भरपगारी रजा. या सगळ्याचे २० धरले तर पगाराची बरोबरी करायला स्वतंत्र डिझायनरच्या हातात १२० पडायला हवेत. आता प्लॅटफॉर्मचं कमिशन. फायव्हर २० टक्के कापतं, त्यामुळे १२० हातात येण्यासाठी बिल १५० चं व्हावं लागतं. अपवर्कवर २०२३ पासून सरसकट १० टक्के होते, २०२५ पासून नव्या करारांवर कामागणिक ० ते १५ टक्के लागतात. तिथे आकडा थोडा खाली येतो, पण प्रस्ताव पाठवायला ‘कनेक्ट्स’ विकत घ्यावे लागतात आणि काम मिळालं नाही तरी ते पैसे गेलेले असतात.

नोकरीत महिन्याचे १६० तास भरतात आणि सगळ्यांचा पगार मिळतो, चहा पीत मीटिंगमध्ये बसलेल्या तासांचासुद्धा. प्लॅटफॉर्मवर प्रस्ताव, ब्रीफ समजून घेणं, नमुने सजवणं आणि ठरावीक रकमेच्या कामातल्या वाढीव दुरुस्त्या यांचे पैसे कोणी देत नाही. १६० पैकी ९० तास बिलात गेले तरी नवख्यासाठी ते चांगलंच म्हणायचं. म्हणजे नोकरीत तासाला ०.६२ पडत होते, इथे १.६७ लावावे लागतील, जवळजवळ पावणेतीन पट. पगाराला तासांनी भागून तोच दर प्रोफाइलवर टाकला, की माणूस दिवसभर कामात असतो आणि तरी महिनाअखेर ओढाताण होते, ती यामुळे.

आता खड्डा. समजा एका डिझायनरच्या हातात कमिशन कापून बारा महिन्यांत असे पैसे आले: १५०, १३०, ६०, १७०, १४०, ४०, ३०, १२०, १६०, १५०, १९०, १००. सरासरी बरोबर १२०, म्हणजे कागदावर पगाराशी बरोबरी. त्याचा घरखर्च ६० आणि सॉफ्टवेअर, विमा वगैरे २०, असा महिन्याचा खर्च ८०. तिसऱ्या महिन्यात २० कमी पडले, पण आधीच्या दोन महिन्यांतलं उरलेलं होतं, निभावलं. सहाव्यात ४० कमी पडले, सातव्यात आणखी ५०. लागोपाठची तूट ९० झाली, हाच त्याचा खड्डा. हेच दोन महिने वर्षाच्या सुरुवातीला आले असते तर ९० आणायचे कुठून?

नोकरीलाही हाच हिशेब लावा, तो सहसा कोणी लावत नाही. एजन्सीचा मोठा ग्राहक गेला की डिझाइन टीममधली माणसं कमी होतात. नोटिशीचा एक महिना मिळाला आणि नवी नोकरी मिळायला चार महिने लागले, तर तीन महिने बिनपगारी जातात. घरखर्च ६० च्या हिशेबाने हा खड्डा १८० चा, म्हणजे वरच्या फ्रीलान्सरच्या दुप्पट! फरक इतकाच की तो क्वचित पडतो आणि पडतो तेव्हा एकदम पडतो, तर फ्रीलान्सचा उथळ असतो पण वर्षातून एकदोनदा हमखास येतो. पगार ‘स्थिर’ वाटतो तो या अर्थाने. त्यामुळे नोकरीत राहायचं ठरलं तरी करारातला नोटिशीचा कालावधी आणि प्रोबेशनची मुदत वाचून ठेवा. प्रोबेशनमध्ये नोटीस बरेचदा खूपच कमी असते.

फ्रीलान्सच्या खड्ड्यात आणखी एक भर पडते, ती उशिराची. फायव्हरवरचं एक लोगोचं काम घ्या. पाच दिवस काम, दोन दुरुस्त्यांचे चार दिवस. ग्राहकाने ‘स्वीकारलं’ हे बटण दाबलंच नाही तर फाइल दिल्यापासून तीन दिवसांनी ऑर्डर आपोआप पूर्ण होते. मग नव्या विक्रेत्याचे पैसे १४ दिवस अडकून राहतात आणि त्यानंतर बँकेत यायला आणखी दोनेक दिवस. एकूण अठ्ठावीस. अपवर्कवर ठरावीक रकमेच्या कामात ग्राहकाला तपासायला १४ दिवस मिळतात आणि मंजुरीनंतर पाच दिवस पैसे थांबतात. तासाच्या कामात सोमवार ते रविवार असा आठवडा धरतात आणि तो संपल्यावर दहा दिवसांनी पैसे हाती येतात. म्हणून सुरुवातीचा एक पूर्ण महिना कोराच धरावा. आपल्या उदाहरणात तूट ९० आणि कोऱ्या महिन्याचे ८० मिळून १७० होतात. एका वर्षात दिसलेला वाईट काळ हा सर्वांत वाईट असेलच असं नाही, तेव्हा २४०, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नये.

खड्डा उथळ करणारी खरी गोष्ट म्हणजे परत परत येणारं काम. लोगो एकदाच होतो, तर सोशल मीडियाच्या पोस्ट, मासिक न्यूजलेटर, पॅकेजिंगच्या नव्या चवी-आकारांच्या आवृत्त्या दर महिन्याला लागतात. प्रोफाइल सुरुवातीपासून अशा कामाभोवती बांधावं. ग्राहक टिकला की मासिक करार सुचवा: महिन्याला २० तास, पैसे आगाऊ, न वापरलेले तास फक्त पुढच्या महिन्यापर्यंत चालतील, बंद करायचं तर ३० दिवस आधी कळवायचं. शेवटची अट गाळू नका, ती तुमची नोटीस आहे. मात्र ग्राहकाला प्लॅटफॉर्मबाहेर नेण्याआधी नियम बघा. अपवर्कवर ओळख झालेल्या ग्राहकाशी दोन वर्षं बाहेर व्यवहार करता येत नाही, करायचा तर शुल्क भरावं लागतं. फायव्हरवर बाहेर पैसे घेतले तर खातंच बंद होऊ शकतं. आणि खातं बंद झालं की सगळे ग्राहक एकाच दिवशी जातात, म्हणजे नोकरी गेल्यासारखंच. दहा ग्राहक एकाच प्लॅटफॉर्मवर असतील तर उत्पन्नाचा स्रोत दहा नाही, एकच आहे.

अजून निर्णय होत नसेल तर नोकरीत असतानाच सहा महिने चाचणी घ्या. आधी करारात बाहेरच्या कामाला मनाई आहे का आणि नोकरीत केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवता येतं का, हे पाहा. मग आठवड्याला दहा तास द्या आणि तीन रकाने भरत जा: बिलातले तास, बिनपैशाचे तास, पैसे प्रत्यक्ष आल्याची तारीख. सहा महिन्यांत एकही ग्राहक तिसऱ्यांदा परत आला नाही, तर दर किंवा कामाचा प्रकार बदलून पुन्हा मोजा, राजीनाम्याला घाई नाही. परत येणाऱ्या ग्राहकांकडूनच महिन्याच्या खर्चाचे निम्मे, इथे ४०, निघायला लागले आणि त्यांतल्या कोणा एकाचा वाटा निम्म्याहून जास्त नसेल, तर मग नोटिशीची तारीख ठरवायला हरकत नाही.