हुक तपासताना या चुका टाळा: कढी एक, सुरुवाती तीन

एकाच विषयाला तीन-चार सुरुवाती लावून बघायच्या आणि लोक कुठवर टिकतात त्यावरून निवड करायची, हे आता बहुतेक रीलवाले करतात. निदान करतो असं सांगतात. प्रत्यक्षात तीन वेगळ्याच रील टाकलेल्या असतात, दुसऱ्या दिवशी सकाळी व्ह्यूजचा आकडा बघितलेला असतो आणि निकाल जाहीर झालेला असतो.

उदाहरण एकच धरू. विषय: कढी फुटू नये म्हणून काय करावं. रील ३५ सेकंदांची. पहिले ३ सेकंद हुक, पुढचे ३२ सेकंद कृती: गार ताकात बेसन घुसळून घेणं, मंद आच, सारखं ढवळणं, खळखळून उकळी येऊ न देणं आणि अगदी शेवटी, २४व्या सेकंदाला, मीठ. तीन हुक असे आहेत.

क: फुटलेल्या कढीचं पातेलं जवळून, वर आवाज, "कढी फुटली? ताकाला बोल लावू नका."
ख: पातेल्यावर थबकलेली मिठाची चिमूट, "कढीत मीठ कधी घालता?"
ग: कढीवर पडणारी तुपाची फोडणी, चर्र आवाज, बोलणं नाही, फक्त अक्षरं: "ही कढी फुटत नाही."

हुकसोबत बाकीचंही बदलणं

ही सगळ्यात जुनी खोड. दुसरा हुक करताना "हातासरशी" संगीत बदललं जातं, कृतीतला एखादा तुकडा कापला जातो, कॅप्शन नवीन लिहिली जाते. मग फरक पडला तो कशामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही. कृतीचे ३२ सेकंद एकदा पक्के करा आणि त्यांना पुन्हा हात लावू नका. प्रोजेक्टच्या तीन प्रती काढा, प्रत्येकीत फक्त पहिले ३ सेकंद बदला. एखादं वाक्य ३ सेकंदांत बसत नसेल तर वाक्य छाटा, रील लांबवू नका; लांबी बदलली की लोक कुठवर टिकले याचे आलेख एकमेकांवर ठेवून वाचता येत नाहीत. हुकांचे आवाज एकाच बैठकीत, एकाच माइकवर, कृतीच्या आवाजासोबतच ध्वनिमुद्रित करा. नंतर वेगळ्या खोलीत बोललेलं वाक्य जोडलं की तिसऱ्या सेकंदाला आवाज उडी मारतो आणि माणूस तिथेच सरकतो. दोष हुकच्या माथी बसतो, चूक सांध्याची असते.

पहिल्या तीन सेकंदांवर निकाल लावणं

नवशिक्यांचा लाडका आकडा हा. इन्स्टाग्राम पहिल्या तीन सेकंदांत सरकून गेलेल्यांचं प्रमाण "स्किप रेट" म्हणून दाखवतं. तो आकडा कामाचा आहे, पण एकटा वाचला तर फसवतो. समजा, प्रत्येक रीलला ६०० व्ह्यूज मिळाले आणि टिकून राहिलेले लोक दर शंभरात असे निघाले (आकडे समजावण्यापुरते):

क: ३ऱ्या सेकंदाला ६८, १०व्याला ५२, ३०व्याला ३७
ख: ३ऱ्याला ८१, १०व्याला ४०, ३०व्याला २२
ग: ३ऱ्याला ६०, १०व्याला ४९, ३०व्याला ४०

उतावळा माणूस इथे ख उचलतो. शंभरातले ८१ थांबले, अजून काय पाहिजे? पण थांबलेल्या ८१पैकी दहाव्या सेकंदाला ४० उरले, म्हणजे जवळपास निम्मे गेले. क मध्ये ६८पैकी ५२ उरले, म्हणजे साधारण तीन चतुर्थांश. चौथ्या सेकंदापासून तिन्ही रील हुबेहूब सारख्या आहेत, तेव्हा ही गळती कृतीची नाही, हुकने दिलेल्या शब्दाची आहे. मिठाचं विचारलंत आणि समोर बेसन घुसळायला घेतलंत. उत्तर २४व्या सेकंदाला आहे हे बघणाऱ्याला कुठून कळणार?

याचा अर्थ ख टाकाऊ आहे असं नाही. प्रश्न लोकांना थांबवतोय, हे तर दिसलंच. मिठाचा तुकडा चौथ्या सेकंदाला आणून, "शेवटी घाला, का ते बघा" असं म्हणून पुढे जाणारी वेगळी रील करून बघता येईल. पण ती नवी रील झाली. तिची तुलना या तिघांशी करायची नाही.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. जोरदार हुक काठावरच्या लोकांनाही थांबवतो आणि ते पुढे गळणारच. म्हणून नुसत्या गळतीच्या प्रमाणावर जाऊ नका. ३५ सेकंदांच्या रीलसाठी दहाव्या सेकंदाला शंभरातले किती उरले, हा आकडा आधी बघा. गळतीचं प्रमाण कारण शोधायला वापरा.

चिमूटभर व्ह्यूजवर विजेता ठरवणं

वरच्या आकड्यांत क आणि ग यांच्यात कोण जिंकलं? कुणीच नाही. दहाव्या सेकंदाला ५२ आणि ४९, तिसाव्याला ३७ आणि ४०. सहाशे व्ह्यूजवर पाच-सहा टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. दोनशे व्ह्यूज असतील तर दहा टक्क्यांच्या आतला फरक मोजूच नका. हजारावर गेलात की चार-पाच टक्क्यांच्या वरच्या फरकाकडे बघायला हरकत नाही. ख मात्र दहाव्या सेकंदाला बारा टक्क्यांनी मागे आहे, त्याला बाजूला काढता येतं. क आणि ग यांना पुन्हा एकदा, दुसऱ्या विषयावर, समोरासमोर उतरवा: एकात बिघडलेला पदार्थ, दुसऱ्यात तयार पदार्थाचा आवाज. दोन-तीन विषयांत एकच पद्धत पुढे राहिली तर ती तुमच्या प्रेक्षकांची आवड म्हणा. एका कढीवरून नाही.

वेगवेगळ्या लोकांची तुलना करणं

पहिली रील फॉलोअर्सनी पाहिली, तिसरी अनोळखी लोकांनी. मग आलेख सारखे कसे येतील? फॉलोअर तुमचा चेहरा बघूनच थांबतो. इन्स्टाग्रामवर डिसेंबर २०२४ पासून ट्रायल रील आहेत; त्या आधी फॉलोअर नसलेल्यांना दाखवल्या जातात आणि या कामाला त्याच योग्य. तिन्ही एकाच संध्याकाळी टाका. चांगली चालली तर ७२ तासांत आपोआप सगळ्यांना दाखवा, असा पर्याय तिथे असतो. तो बंद ठेवा, नाहीतर चाचणी अर्ध्यात असताना एक रील फॉलोअर्सपुढे जाऊन बसते आणि तुमचे आकडे भेसळीचे होतात.

यूट्यूबवर शॉर्ट्स फीडमधून आलेल्यांचेच आकडे एकमेकांशी ताडा. शोधातून येणारा कढीच शोधत आलेला असतो, तो कोणताही हुक सहन करतो.

बाकीच्या

यूट्यूबवर ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाली की किंवा पुन्हा फिरली की व्ह्यू धरला जातो. त्या आकड्यावर हुक जोखू नका.

पाहिलेल्या भागाची सरासरी टक्केवारी शंभरावर गेली म्हणून नाचू नका. रील पुन्हा फिरली की तीही त्यात धरतात. शेवट सुरुवातीला बेमालूम जुळला तरी ती फुगते.

"कढी फुटते का?", "तुमची कढी फुटते?", "कढी का फुटते?" हे तीन हुक नाहीत, एकच आहे. पहिलं दृश्य, पहिला आवाज किंवा दिलेला शब्द, यातलं काहीतरी खरोखर बदललं पाहिजे.

हुकची अक्षरं पडद्याच्या तळाशी ठेवू नका. तिथे कॅप्शन आणि खात्याचं नाव बसतं.

"नमस्कार मंडळी, स्वागत आहे" यात दोन सेकंद जातात. तीनातले दोन.

फाइलला नाव देतानाच `kadhi_k_3s.mp4`, `kadhi_g_3s.mp4` असं द्या आणि आकडे ४८ तासांनी, सगळ्यांचे एकाच वेळी वहीत उतरवा. एकीचे रात्री आणि दुसरीचे सकाळी बघितलेत, तर जी जास्त वेळ फिरली तिचेच आकडे तुम्हाला पुढे दिसतील.