फोटो आले, सोबत एकच शब्द: उत्तरपत्रिका तपासायला घेताना या चुका टाळा

दहावीच्या सराव परीक्षांचे दिवस होते. रात्री पावणेअकराला फोन वाजायला लागला तो थांबेचना. कोथरूडला क्लास चालवणाऱ्या ओळखीच्या एका बाईंनी विज्ञान भाग 1 च्या 11 उत्तरपत्रिकांचे फोटो पाठवले होते, एकूण 94. सगळ्यात शेवटी एक शब्द: ‘इव्हॅल्युएट’. ना प्रश्नपत्रिका, ना उत्तरसूची, ना कधीपर्यंत हवं ते.

शाळेतून निवृत्त झालो तरी तपासणी काही सुटलेली नाही. सकाळी चहा घेऊन बसलो आणि वहीत क्रमांकवार गुण मांडायला सुरुवात केली. दुपारपर्यंत सात पेपर हातावेगळे झाले. बाईंना पहिले आकडे कळवले तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, हे फार कमी आहेत. दुसरी तुकडी मी तपासली, त्यात चूक एकदाच धरली होती. दोन्ही तुकड्यांची यादी एकच लावायची आहे.” सातही पेपर पुन्हा. दोष बाईंचा जेवढा, त्याहून जास्त माझा. विचारायला दोन मिनिटं लागली असती.

आपली सवय म्हणजेच त्यांची अपेक्षा, असं धरू नका

‘तपासा’ या एका शब्दात किमान तीन वेगळी कामं असतात. एक, गुण देऊन बेरीज करणं. दोन, चुका कुठे झाल्या ते दाखवणं, गुण दिले नाहीत तरी चालेल. तीन, मुलाला पुढे काय करायचं ते लिहून देणं. आपण आपल्या अंगवळणी पडलेलं काम उचलतो. मी बोर्डाच्या पेपरांवर मुरलेला, म्हणून थेट गुणांवर गेलो.

बोर्डाच्या कामात परीक्षकाच्या हाती गठ्ठा येतो तेव्हा गुणदानाच्या सूचनाही सोबत असतात, आणि त्याने तपासलेले काही पेपर नियामक पुन्हा पाहतो. ‘किती कडक’ हे तिथे परीक्षकाच्या मनावर सोडलेलं नसतं. फोनवर आलेल्या फोटोंना हा आधार नसतो. तो आपणच मागून घ्यायचा.

एका उत्तरावरून सांगतो, म्हणजे फरक केवढा पडतो ते कळेल. प्रश्न भिंगाचा होता, 3 गुणांचा. 5 सेमी उंचीची वस्तू 20 सेमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर 30 सेमी अंतरावर ठेवली आहे. प्रतिमेचं अंतर, उंची आणि स्वरूप काढा. बरोबर उत्तर असं येतं:

```
1/v - 1/u = 1/f
u = -30, f = 20
1/v = 1/20 - 1/30 = 1/60
v = 60 सेमी
M = v/u = 60/(-30) = -2
h2 = -2 x 5 = -10 सेमी
```

म्हणजे प्रतिमा वास्तव, उलट आणि दुप्पट मोठी. सहा क्रमांकाच्या मुलाने सूत्र बरोबर लिहिलं, पण u ला उणे चिन्ह दिलं नाही. त्यामुळे 1/20 + 1/30 करून त्याला v = 12 सेमी मिळालं, M = 0.4 आणि उंची 2 सेमी. त्याच्या चुकीच्या संख्येवरून पुढचा हिशेब अगदी चोख होता. खाली त्याने लिहिलं होतं: प्रतिमा वास्तव व उलट.

आता गुण किती? मी सूत्राचा अर्धा दिला आणि पुढे काट मारली: ½. बाईंची पद्धत वेगळी. सूत्र ½, चिन्ह ½, v चा हिशेब 1, उंची ½, स्वरूप ½ अशी त्यांची विभागणी, आणि चिन्हाचा अर्धा एकदा गेला की पुढच्या पायऱ्यांना शिक्षा नाही. त्या हिशेबाने 2 तरी होतातच. राहिला स्वरूपाचा अर्धा. ‘वास्तव व उलट’ हे उत्तर बरोबर आहे, पण मुलाच्या स्वतःच्या हिशेबाशी जुळत नाही. M धन आला तर प्रतिमा सुलट असायला हवी. म्हणजे ते त्याने पाठांतरातून लिहिलं. तो अर्धा द्यायचा की नाही, यावर दोन चांगले शिक्षकही भांडतील. माझं मत, देऊ नये. बाईंनी दिला. झाले 2½.

एकच उत्तर, एकच मूल, ½ पासून 2½ पर्यंत. 40 गुणांच्या पेपरात असे तीन-चार प्रश्न निघाले की मूल यादीत कुठल्या कुठे जातं.

‘कडक तपासा’ हे उत्तर घेऊन थांबू नका

विचारलं तर समोरून हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘जरा कडकच तपासा’. यातून काहीच हाती लागत नाही. एकाला कडक म्हणजे एकक नसेल तर अर्धा गुण कापणं, दुसऱ्याला पाठ्यपुस्तकातलंच वाक्य हवं, तिसऱ्याला शुद्धलेखनही मोजायचं असतं. म्हणून कडकपणा निर्णयांत उतरवून घ्यावा, आणि ते निर्णय समोरच्या पेपरातून उचलावेत.

या गठ्ठ्यात ‘शास्त्रीय कारणे लिहा, कोणतेही दोन’ असा प्रश्न होता. तीन मुलांनी तिन्ही कारणं लिहिली होती. पहिली दोन धरायची की चांगली दोन? हे आधी ठरलं नाही तर पहिल्या मुलाला एक न्याय आणि नवव्याला दुसरा, असं होतं. दुपारनंतर डोळे थकले की माणूस नकळत उदार होतो किंवा चिडका.

त्याच प्रश्नात चांदीची भांडी काळी का पडतात, हे विचारलं होतं. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो, हे उत्तर. एकीने लिहिलं, ‘चांदी हवेतल्या वायूशी संयोग पावून तिचं क्षरण होतं, म्हणून ती काळी पडते.’ वायूचं नाव नाही, थराचं नाव नाही, पण कल्पना बरोबर. 2 पैकी मी 1 दिला. उत्तरसूचीत ‘सल्फाइड हा शब्द आवश्यक’ असं असतं तर अर्धाच मिळाला असता. असा आवश्यक शब्द असेल तर तो आधीच मागून घ्यावा.

आणि प्रश्नपत्रिका. मुलं फक्त ‘प्र. 3 (4)’ असा क्रमांक टाकतात. उत्तरावरून प्रश्न ओळखायला गेलो की भलत्याच प्रश्नाला लिहिलेलं नीटनेटकं उत्तर पूर्ण गुण घेऊन जातं. प्रश्नपत्रिका नसेल तर मी आता पेपर उघडतच नाही.

फोटोत जे दिसत नाही ते मुलाने लिहिलंच नाही, असं समजू नका

वर सांगितलेल्या उणे चिन्हाबद्दल मला आधी शंका आली ती फोटोचीच. रेघी कागदावर बारीक उणे चिन्ह रेघेवर बसलं की ते रेघेत विरघळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो आकुंचित होतो आणि उरलंसुरलंही पुसट होतं. अशा वेळी पुढची ओळ बघावी. मुलाने u उणे धरला असता तर पुढे 1/20 मधून 1/30 वजा झाले असते. इथे स्पष्ट बेरीज होती, म्हणजे चूक मुलाचीच. पुढच्या ओळीवरूनही कळलं नसतं तर तेवढ्या पानाचा फोटो पुन्हा मागवला असता. गुण अंदाजाने द्यायचे नाहीत.

पेन्सिलीने काढलेल्या किरणाकृतींचं तेच होतं. किरणांवरचे बाण फोटोत गायब होतात आणि आपण ‘बाण नाहीत’ म्हणून अर्धा कापतो. यावर सोपा उपाय म्हणजे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगणं. त्यात तो आकुंचित होत नाही. पान सपाट, उजेड खिडकीच्या बाजूने, हाताची सावली नाही. डावा समास फोटोत पूर्ण यायलाच हवा, कारण प्रश्नक्रमांक तिथे असतात. मुलांची नावं झाकून फक्त क्रमांक ठेवायला सांगावं. ओळखीच्या घरातलं नाव दिसलं की हात सैल होतो, निदान माझा तरी.

शेरा कोण वाचणार हे विचारल्याशिवाय लिहू नका

मी पहिल्या सात पेपरांना सवयीने शेरे लिहिले होते: ‘निष्काळजीपणा’, ‘चिन्हांकडे लक्ष दे’. बाईंना ते पालकसभेत दाखवायचे होते. आईबापांसमोर ‘निष्काळजी’ वाचलं गेलं असतं तर संध्याकाळी घरी काय झालं असतं ते सांगायला नको.

तोच शेरा मुलासाठी असता तरी कुचकामीच होता. कोणती कृती बदलायची ते त्यात नाही. सहा क्रमांकासाठी मी पुन्हा लिहिलं: ‘हिशेब चोख आहे. सूत्रात किमती टाकण्याआधी छोटी आकृती काढ; भिंगाच्या डावीकडचं अंतर उणे. शेवटी M चं चिन्ह आणि तू लिहिलेलं स्वरूप जुळतंय का ते बघ.’ तीन वाक्यं, त्यातली दोन थेट करण्याजोगी.

गुण आणि शेरा एकत्र द्यावा का, हेही विचारायला हवं. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला 1988 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. नुसते शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी पुढे सुधारली; गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा तो फायदा दिसला नाही. मुलं आकडा बघतात आणि पान उलटतात, हे कुठल्याही शिक्षकाने पाहिलेलं आहे. सराव पेपर असेल तर शेरे आधी आणि गुण दोन दिवसांनी, असं मी सुचवतो. बाईंनी ते मानलं नाही. पालकांना आकडा लागतो, आणि क्लास त्यांचा आहे.

प्रश्नांची सरबत्ती करू नका

ही उलट बाजूची चूक. पुढच्या वेळी मी शहाणपणाने पंधरा प्रश्नांची यादी पाठवली. दोन दिवस उत्तर नाही. दिवसाला तीन बॅच घेणाऱ्या माणसाला पंधरा प्रश्नांना उत्तर द्यायला वेळ कुठला? आता मी एवढंच पाठवतो:

“बाई, फोटो मिळाले. प्रश्नपत्रिका आणि प्रत्येक पायरीच्या गुणांसह उत्तरसूची पाठवा. चिन्ह चुकलं तर पुढच्या पायऱ्यांचे गुण द्यायचे का? एकक नसेल तर अर्धा कापायचा का? शेरे मुलांसाठी की पालकांसाठी, आणि किती ओळी? प्रश्नपत्रिका आली की एक पेपर माझ्या अंदाजाने तपासून पाठवतो, तो पाहून सांगा.”

खरं काम होतं ते त्या एका पेपराने. तो मधल्या गुणांच्या मुलाचा निवडावा. हुशार मुलाच्या पेपरात वादाच्या जागा नसतात आणि कोऱ्या पेपरातही नसतात. अर्धवट बरोबर उत्तरं मधल्या मुलाकडेच सापडतात. प्रत्येक वादाच्या जागी कंसात दुसरा आकडा लिहितो: ‘½ (तुमच्या पद्धतीने 2)’. नियम शब्दांत मांडायला कंटाळणारे शिक्षक आकडा दिसला की लगेच बोलतात. असा एक पेपर पहिल्यांदा पाठवला त्या दिवशी बाईंचा फोन अर्ध्या तासात आला, आणि त्या गठ्ठ्यातले उरलेले दहा पेपर एका बैठकीत झाले.