चढत्या हप्त्याचं गृहकर्ज: सही करण्याआधीची तयारी

बँकेत जाण्याआधी घरीच कागदावर दोन कर्जं शेजारीशेजारी मांडा. पहिलं साधं: 50 लाख, 20 वर्षं, व्याज साडेआठ टक्के, हप्ता 43,391 रुपये. दुसरं तरुण नोकरदारांसाठीचं: वय कमी, पगार वाढणारच, तेव्हा 60 लाख घ्या आणि पहिली तीन वर्षं फक्त व्याज भरा. हे व्याज महिना 42,500 रुपये होतं. कर्ज दहा लाखांनी मोठं आणि हप्ता उलट नऊशेने कमी! स्टेट बँकेची ‘फ्लेक्सीपे’ योजना साधारण याच बेताची. इतर बँकांत पायऱ्या वेगळ्या असतील, पण हिशेब करायची रीत हीच.

त्याच कागदावर चौथं वर्षही मांडा. 36 हप्ते भरूनही मुद्दल 60 लाखच आहे आणि ते आता 17 वर्षांत फेडायचं आहे. हप्ता होतो 55,698 रुपये, म्हणजे एका महिन्यात 31 टक्के वाढ. हेच 60 लाख पहिल्यापासून साध्या हप्त्याने घेतले असते तर हप्ता 52,069 पडला असता. तीन वर्षांत तुमचे 3.44 लाख वाचले, पण पुढच्या सतरा वर्षांत 7.40 लाख जास्त गेले. सुरुवातीच्या सवलतीची किंमत साधारण चार लाख.

मग पगाराच्या पावत्या काढा. आज हातात 95,000 येत असतील तर 42,500 म्हणजे पगाराचे 45 टक्के. चौथ्या वर्षी हेच प्रमाण राखायला हातात सुमारे 1,24,500 यायला हवेत, म्हणजे सलग तीन वर्षं दरवर्षी 9.4 टक्के वाढ. आपल्याला मागच्या तीन वर्षांत खरोखर किती वाढ मिळाली ते पाहा. सीटीसी नको, बोनस नको, खात्यात जमा झालेला आकडा घ्या. दोघांच्या पगारावर कर्ज असेल तर एकाचा पगार वर्षभर थांबला तर काय, हेही याच वेळी मांडून पाहा. आपल्याकडे मूल आणि चढता हप्ता बरेचदा एकाच वर्षी घरात येतात.

व्याजदराचा हिशेब वेगळा करा, कारण खरी गोची इथे आहे. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. साध्या कर्जात दर वाढला की मुदत वाढवून हप्ता तोच ठेवता येतो, निदान काही प्रमाणात. फक्त व्याज भरत असताना ती सोय नाही: दर एक टक्का वाढला की 42,500 चे थेट 47,500 होतात. तो दर टिकला तर चौथ्या वर्षीचा हप्ता 59,400 च्या आसपास जातो.

आता बँकेकडून केएफएस, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांना ते देणं बंधनकारक आहे. त्यातला एपीआर, म्हणजे व्याज आणि शुल्कं धरून निघणारा कर्जाचा वार्षिक दर, पाहून मात्र समाधान मानू नका. दर तोच असेल तर मुद्दल उशिरा फेडल्याने एपीआर वाढत नाही, म्हणून वरचे चार लाख त्यात दिसत नाहीत. ते दिसतात एकूण व्याजाच्या रकमेत आणि फेडीच्या वेळापत्रकात. वेळापत्रकातला शिल्लक मुद्दलाचा रकाना वरून खाली वाचा. आकडा तीन वर्षं स्थिर असेल तर तुम्ही फक्त व्याज भरताय. तो वाढत असेल तर हप्ता व्याजालाही पुरत नाही आणि राहिलेलं व्याज मुद्दलात जातंय. असं कर्ज घेऊच नये, असं माझं मत.

कर्जासोबत विमा गळ्यात मारला जातो, त्याचीही कागदपत्रं वाचा. बऱ्याच पॉलिसींत संरक्षणाची रक्कम वर्षागणिक घटते, कारण कर्ज घटत जातं असं गृहीत धरलेलं असतं. तुमचं मुद्दल तीन वर्षं हलतच नाही, त्यामुळे नेमका त्या काळात विमा अपुरा पडू शकतो. विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला असेल तर त्यावरही वीस वर्षं व्याज आहे.

शेवटी तिसरं कर्ज मांडा: तेच 60 लाख, साधा हप्ता, मुदत 30 वर्षं. हप्ता 46,135 रुपये, चौथ्या वर्षी उडी नाही. मुदत पूर्ण वापरली तर व्याज फार जातं हे खरं. पण वैयक्तिक ग्राहकाच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. पगार वाढेल तसं जादा भरता येतं, आणि न वाढल्यास कोणी मागायला येत नाही. जादा भरलेली रक्कम त्याच दिवशी मुद्दलातून वजा होईल का आणि मुदत घटेल की हप्ता, हे सहीआधी लेखी घ्या.