दुभाषिक मुलांची चाचणी घेताय? या चुका टाळा

दोन भाषा रोज वापरणाऱ्यांचं कार्यकारी नियंत्रण, म्हणजे नको ते बाजूला सारून हव्या त्यावर लक्ष ठेवण्याची क्षमता, जास्त असतं का? बेळगाव भागात हे तपासायचं ठरवलं की एक आराखडा लगेच सुचतो: शहरातली मराठी-कन्नड मुलं एका गटात, खानापूरकडच्या खेड्यांतली बहुतांशी मराठीच बोलणारी दुसऱ्यात. इथेच पहिली चूक होते. या गटांत भाषेसोबत घरची कमाई, पालकांचं शिक्षण आणि संगणकाची सवयही वेगळी असते.

2004 साली एलेन बियालिस्टॉक यांच्या गाजलेल्या अभ्यासातल्या पहिल्या प्रयोगात एकभाषिक कॅनडातले होते, तर तमिळ-इंग्रजी दुभाषिक भारतातले. गटही लहान होते. फायदा मोठा दिसला. पुढे 2014 मध्ये बास्क-स्पॅनिश बोलणारी आणि फक्त स्पॅनिश बोलणारी मिळून 504 मुलं, बाकीच्या बाबतींत शक्य तितकी जुळवून, तपासली गेली. तिथे फरक सापडला नाही.

आपल्याकडे शाळेत कन्नड शिकावंच लागतं, त्यामुळे शुद्ध एकभाषिक गट शोधत बसू नका. एकाच शाळेतली मुलं घ्या आणि कन्नड कधीपासून, कुणाशी, किती बोलता हे विचारा. भाषा कशी वापरली जाते, हेही लिहून घ्या. खडेबाजारात एका गिऱ्हाईकाशी मराठी आणि दुसऱ्याशी कन्नड बोलताना एक भाषा सतत दाबून ठेवावी लागते. मित्रांत दोन्ही मिसळून बोलताना तसं नसतं. ग्रीन आणि अबुतालेबी यांनी 2013 मध्ये हाच भेद मांडला. माझ्या मते निकाल एकमेकांशी न जुळण्याचं हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

दुसरी चूक मोजमापात होते. फ्लँकर चाचणीत मधल्या बाणाची दिशा सांगायची असते आणि बाजूचे बाण कधी विरुद्ध असतात. समजा एका मुलाला बाण जुळताना 520 आणि विरुद्ध असताना 580 मिलिसेकंद लागले, तर फरक 60. आता त्याच्याच विषम क्रमांकाच्या फेऱ्यांतून 85 आणि सम फेऱ्यांतून 35 आले, तर तो 60 कशाचा भरवसा देणार? वजाबाकीत दोन्ही आकड्यांतली चूक एकत्र येते. म्हणून प्रत्येक मुलाची अशी विभागणी करून दोन फरकांचा सहसंबंध आधी पाहा. तो कमी असेल तर फेऱ्या वाढवा, आणि फ्लँकरसोबत दुसरी चाचणीही घ्या. शिवाय बाण जुळतानाही दुभाषिक मुलं तितकीच पुढे असतील, तर तो वेग कीबोर्डच्या सवयीचाही असू शकतो.

फरक न दिसलेली वही कपाटात टाकू नका. परिषदांत मांडलेले अभ्यास 2015 मध्ये तपासले गेले, तेव्हा फायदा दाखवणारे 68 टक्के छापले गेले होते आणि त्याविरुद्ध जाणारे 29 टक्केच. कोणता आकडा निर्णायक मानणार, हे पहिलं मूल संगणकासमोर बसण्याआधी तारखेसह लिहून ठेवा आणि निकाल कसाही आला तरी तोच जाहीर करा.